माती वर फुगते की आत दबते?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरासाठी मिळणारी जमीन मुळात दोन जातींची. एक वरकस. माळावरची किंवा उताराची ही जमीन थोडी खरवडली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. दुसरी भाताची. ओहोळाकाठची, बांध घालून सपाट केलेली ही खाचरं पावसात चिखल असतात आणि चैत्र-वैशाखात त्यांना भेगा पडतात. पूर्वी गाव वरकसावर वसायचं आणि खाचर भातासाठी राहायचं. त्यामुळे पायाचा प्रश्न फारसा उभाच राहत नसे. कारवीच्या कुडाच्या घराचं वजन ते किती!

आता तिसरी जात तयार झाली आहे, भरावाची. मुंबई-नाशिक महामार्गालगत, वाशिंद-आसनगावच्या आसपास किंवा कल्याण-मुरबाड रस्त्याला लागून रस्त्यापेक्षा खोल असलेलं खाचर घ्यायचं, डंपरने मुरूम आणून त्यात ओतायचा, जेसीबीने सारखा करायचा आणि प्लॉट म्हणून विकायचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्यामुळे अशा प्लॉटांना गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

वरून पाहिलं तर भरावाचा प्लॉट आणि वरकसावरचा प्लॉट सारखेच दिसतात. दोन्हीकडे मुरूमच. पण फुटिंगवर झेपेल त्याहून जास्त भार आला, तर दोन्हीकडची जमीन एकाच रीतीने हार मानत नाही. आणि खाली दडलेली खाचराची माती तिसऱ्याच रीतीने वागते.

फुटिंग म्हणजे कॉलमचा भार जमिनीवर पसरवणारा काँक्रीटचा चौरस ठोकळा. भार वाढत गेला की त्याच्या थेट खालची माती पाचरीसारखी एकजीव होते आणि फुटिंगबरोबर खाली सरकू पाहते. ही पाचर खाली जायची तर तिने बाजूची माती ढकलायला हवी. या ढकललेल्या मातीचं पुढे काय होतं, यावर सगळं ठरतं. तिच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक तर ती बाजूला सरकून, वळून, जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत वर येईल. नाही तर आतल्या आत दबून स्वतःच्याच पोकळ्यांत मावेल.

पहिली वाट पूर्णपणे घेतली गेली तर त्याला अभियंते जनरल शिअर म्हणतात. यात फुटिंगच्या कडेपासून निघालेली घसरणीची रेषा खाली जाते, वळते आणि फुटिंगपासून बऱ्याच अंतरावर जमिनीतून बाहेर पडते. त्या रेषेवरची सगळी माती जवळजवळ एकाच वेळी आपली पूर्ण ताकद वापरते. म्हणून तोपर्यंत फुटिंग फारसं खचत नाही आणि मग एकाएकी जमीन सुटते. बाजूची माती फुगून वर येते. दोन्ही बाजू अगदी सारख्या कधीच नसतात, त्यामुळे इमारत जी बाजू आधी सुटली तिकडे कलंडते.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथलं आहे. तिथे गहू साठवायचं नवं प्रचंड कोठार एकाच सलग काँक्रीटच्या तळावर उभं होतं. ऑक्टोबर १९१३ मध्ये ते भरत आलं असताना तासाभरात सुमारे फूटभर खचलं आणि पुढच्या चोवीस तासांच्या आत सुमारे २७ अंशांनी कललं. एका बाजूची जमीन फुगून वर आली. कोठार मात्र फुटलं नाही. नंतर खालून आधार देत ते सरळ करण्यात आलं आणि पुन्हा वापरलं गेलं. खाली होती विनिपेगची मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती. ती मऊ असूनही अशी सुटली कशी, हे पुढे येईलच.

दुसऱ्या टोकाला पंचिंग. यात बाजूची जमीन ढिम्म राहते. ना फुगवटा, ना कलंडणं. फुटिंगच्या कडेने माती उभी कापली जाते आणि ठोकळा जागच्या जागी खाली जातो. पोह्यांच्या डब्यात वाटी दाबली तर कडेचे पोहे वर उसळत नाहीत, वाटीखालचे चेपत जातात, तसंच. जितका भार वाढवाल तितकं फुटिंग खाली जाईल. अमुक एका क्षणी पाया गेला, असं म्हणता येणार नाही. या दोहोंच्या मधलं ते लोकल शिअर. इथे घसरणीची रेषा फुटिंगखाली सुरू होते, पण पृष्ठभागापर्यंत न पोहोचता मातीतच विरते. बाजूला किंचित फुगवटा येतो, फुटिंग बरंच खचतं आणि तरीही एकदम काही घडत नाही.

यातलं काय होणार, हे मातीची ताकदच ठरवते, असं वाटणं साहजिक आहे. कमकुवत माती असेल तर पंचिंग आणि मजबूत असेल तर जनरल शिअर. हे अर्धंच खरं आहे. घसरणीची रेषा लांब असते. तिच्या दूरच्या टोकाची माती तेव्हाच कामाला लागते, जेव्हा पाचरीचा रेटा मधल्या मातीतून तिथवर पोहोचतो. मधली माती ताठ असेल तर रेटा पोहोचतो. ती दबणारी असेल तर रेटा वाटेतच जिरतो, दूरच्या टोकाला कसलाच पत्ता लागत नाही आणि जवळची माती मात्र एकटी पडून मोडत राहते. म्हणजे प्रश्न ताकदीला तोलून धरण्याइतका ताठपणा आहे का, असा आहे.

कार्ल टेरझागी यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात जनरल आणि लोकल शिअर वेगळे केले आणि लोकल शिअरसाठी एक व्यवहारी तोडगा दिला. मातीचा चिकटपणा आणि तिच्या घर्षणकोनाचा टॅन्जंट हे दोन्ही दोन-तृतीयांशच धरा, बाकी हिशेब तोच ठेवा. हा तोडगा ओबडधोबड आहे, पण तो अजून चालतो. आपल्या भारतीय मानक संस्थेच्या आयएस ६४०३ या १९८१ च्या संहितेतही तो आहे. ती संहिता सांगते, की वाळूसारख्या सुट्या मातीची सापेक्ष घनता ७० टक्क्यांहून जास्त असेल तर जनरल शिअर धरा, २० टक्क्यांहून कमी असेल तर लोकल किंवा पंचिंग आणि मधल्या मातीसाठी दोन उत्तरांच्या मधलं उत्तर काढा.

अलेक्झांडर वेसिच यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत या प्रश्नाला अधिक नेमकं रूप दिलं. मातीचा कातरताठपणा भागिले फुटिंगखालच्या पातळीवर तिची कातरताकद, असं एक गुणोत्तर त्यांनी घेतलं. त्याला ताठपणाचा निर्देशांक म्हणू. हा निर्देशांक एका ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर जनरल शिअर, खाली गेला तर लोकल किंवा पंचिंग. मर्यादा घर्षणकोनावर अवलंबून असते. चौरस फुटिंगसाठी २० अंशांच्या मातीला ती सुमारे २९ येते, ३० अंशांना ७० आणि ३८ अंशांना तब्बल १७२. म्हणजे माती जितकी मजबूत, तितका जास्त ताठपणा तिच्याकडून मागितला जातो. भागाकारात ताकद खाली बसते, हेही लक्षात घ्या. म्हणूनच फुटिंग फार खोल नेलं, की वरच्या मातीच्या दाबाने ताकद वाढते, निर्देशांक घटतो आणि चांगली घट्ट वाळूसुद्धा पंचिंगकडे झुकते.

आता ट्रान्सकोनाचं कोडं सुटतं. मऊ चिकणमाती पाण्याने पूर्ण भरलेली असली आणि भार झपाट्याने आला, तर पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. पाणी दबत नाही, म्हणून मातीचं आकारमानही घटू शकत नाही. तिला आत मावायची सोयच उरत नाही. दबता येत नसेल तर सरकावं लागतं, आणि सरकून वर यावं लागतं. अशा मातीसाठी, घर्षणकोन शून्य धरला तर, वेसिच यांची मर्यादा चौरस फुटिंगला जेमतेम नऊ भरते आणि बहुतेक चिकणमात्या ती सहज ओलांडतात. मऊपणावरून पंचिंगचा अंदाज बांधणं म्हणूनच चूक आहे. तीच चिकणमाती सावकाश, पाणी निथळत असताना दाबली तर ती दबते आणि पंचिंगसारखी वागू लागते. आपल्या खाचराची भिजलेली माती या दोन्ही वाटांनी जाऊ शकते. कुठल्या, ते भार किती घाईने येतो त्यावर ठरतं.

भरावाचं मात्र तसं नाही. ओतलेल्या मुरमाच्या ढेकळांमध्ये मोठ्या पोकळ्या असतात आणि त्यात हवा असते. ती सहज निघून जाते. तिथे दबणंच सोपं.

एक घर घेऊन हिशेब करू. समजा, खाचरात अडीच मीटर जाडीचा मुरमाचा भराव आहे, रोलर न फिरवता टाकलेला. त्यावर तळमजला अधिक एक, असं घर. मधल्या कॉलमवर २० टन भार. फुटिंग १.२ मीटर चौरस, भरावाच्या वरच्या पातळीपासून एक मीटर खोल. म्हणजे फुटिंगखाली दर चौरस मीटरला सुमारे १४ टन. सैल मुरमाचा घर्षणकोन ३० अंश, चिकटपणा शून्य आणि एक घनमीटरचं वजन १.६ टन धरू. चिकटपणा शून्य का? कोरड्या भरावात ओलाव्याच्या खेचीमुळे थोडाफार चिकटपणा भासतो, पण तो जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात जातो. मे महिन्यात जेसीबीने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे माती चांगली, असं समजणारे पुष्कळ आहेत. त्या भिंती याच खेचीवर उभ्या असतात.

जनरल शिअर धरून संहितेप्रमाणे गणित केलं, तर जमीन मोडायचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५० टन येतो. अडीचने भागलं की २० टन सुरक्षित. आपल्याला हवेत १४. उत्तर छान आलं, काम सुरू.

पण मुरूम सैल आहे. टेरझागींचा दोन-तृतीयांशाचा तोडगा लावला की ३० अंशांचा घर्षणकोन २१ अंशांवर येतो. दिसायला नऊ अंशांचा फरक, पण धारणक्षमतेचे गुणांक घर्षणकोनाबरोबर भराभर वाढतात आणि तितक्याच भराभर घटतात. ५० टनांचे साडेसोळा होतात. अडीचने भागल्यावर सुरक्षित भार साडेसहा टनांच्या आसपास. १४ टन तर सोडाच, त्याच्या निम्माही नाही. हा पाया मोडण्याच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. त्याच जमिनीवर फुटिंग टिकवायचं तर ते १.२ नव्हे, १.६५ मीटर चौरस लागेल, म्हणजे जवळपास दुप्पट क्षेत्रफळाचं. आणि तरीही खचण्याचा प्रश्न उरतोच.

दोन गणितांपैकी खरं कुठलं? वेसिच यांचा निर्देशांक काढून पाहू. या सैल मुरमाचा लवचिकता गुणांक दर चौरस मीटरला ३०० टन धरला तर निर्देशांक ७८ येतो आणि मर्यादा आहे ७०. काठावर का होईना, पास! पण हा आकडा माती फक्त आकार बदलते, आकारमान घटत नाही, असं मानून आलेला आहे. ओतलेला भराव तर दबणारच. घसरणीच्या पट्ट्यात आकारमान सरासरी तीनच टक्के घटतं असं धरून निर्देशांक सुधारला की ७८ चा २३ होतो. मर्यादेच्या एक-तृतीयांश. म्हणजे इथे माती वर फुगणार नाही, आत दबेल. दुसरं गणित खरं. हे तीन टक्के माझं गृहीतक आहे, पण ते अर्ध्या टक्क्यावर आणलं तरी निर्देशांक ५६ होतो आणि निकाल बदलत नाही.

आता तोच मुरूम थरांत टाकून, पाणी मारून, रोलरने दाबलेला घ्या. घर्षणकोन ३८ अंश, वजन घनमीटरला १.९ टन आणि लवचिकता गुणांक दहापट. निर्देशांक ४८५ येतो, मर्यादा १७२. घट्ट बसलेल्या मुरमाला आणखी दबायला जागाच नसते, त्यामुळे इथे आकारमानाची वजावटही जवळपास नाही. हा पाया मोडलाच तर जनरल शिअरने मोडेल, पण तो भार आपल्या घराच्या भाराच्या कितीतरी पट असेल. वरकसावरचा मूळचा मुरूम याहूनही कडक असतो. तिथे साध्या घराच्या फुटिंगला जमीन मोडण्याची चिंता नसते.

सैल भरावातला पाया हरला हे कळतं कसं? इथेच खरी गोम आहे. जनरल शिअरचा बोभाटा होतो, पंचिंगचा होत नाही. अंगण फुगत नाही, घर कलत नाही. दिसतं एवढंच, की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली, दार चौकटीला घासू लागलं, फरशी आणि भिंत यांत फट पडली. गवंडी प्लास्टरला दोष देतो आणि पुट्टी भरून देतो. पुढच्या पावसाळ्यानंतर चीर त्याच जागी परत येते. आपल्या उदाहरणातलं फुटिंग पहिल्या भारालाच चार सेंटिमीटरच्या आसपास खचेल. सगळी फुटिंगं सारखी खचली तर घर ते सोसेलही. पण उताराच्या प्लॉटवर वरची बाजू कापून खालची भरतात आणि मग घराचे मागचे कॉलम मूळच्या मुरमावर, पुढचे भरावावर येतात. आयएस १९०४ ही संहिता काँक्रीटच्या सांगाड्यात शेजारच्या दोन फुटिंगांच्या खचण्यातला फरक त्यांच्या अंतराच्या ६६६ व्या भागापर्यंतच चालवून घेते. चार मीटरच्या अंतराला ते होतात सहा मिलिमीटर. इथे फरक साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जातो.

पाया भरण्याआधी शोधायचं असेल तर प्लेट लोड टेस्ट आहे. फुटिंगच्या पातळीपर्यंत खड्डा खणून त्यात पोलादी चौरस पट्टी ठेवतात. ती ३० ते ७५ सेंटिमीटर रुंदीची असते आणि खड्डा तिच्या पाचपट रुंद. जॅकने टप्प्याटप्प्याने भार वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याला पट्टी किती खचली ते डायल गेजवर मोजतात. त्यातून भार आणि खचणं यांचा आलेख निघतो. जनरल शिअरच्या जमिनीत तो आधी जवळजवळ सरळ जातो आणि मग एकदम कोसळतो. मोडण्याचा बिंदू बोट ठेवून दाखवता येतो. लोकल शिअरमध्ये तो लवकर वळू लागतो आणि पुढेही वाकत राहतो. पंचिंगमध्ये तर ठळक वळणच सापडत नाही, फक्त उतरण. अशा आलेखावर कुठेतरी दोन स्पर्शिका काढून मोडण्याचा भार अमुक आहे असं लिहिणारे अहवाल तयार होतात. तो आकडा जमिनीपेक्षा पेन्सिल धरणाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

या चाचणीला दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही आपल्या भागात नेमक्या नडतात. पहिली खोलीची. पट्टीचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच जाणवतो. ३० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे दोन फूट. १.२ मीटरचं फुटिंग अडीच मीटरपर्यंत दाब पोहोचवतं. उदाहरणातल्या घरात फुटिंगखाली दीड मीटर भराव आहे आणि त्याखाली खाचराची माती. पट्टीला तिचा पत्ताच लागत नाही, फुटिंगला मात्र लागतो. म्हणून चाचणीबरोबर भरावातून आरपार, मूळच्या मुरमापर्यंत एक खड्डा किंवा बोअर हवंच. दुसरी मर्यादा ऋतूची. कोरड्या दिवसांत घेतलेली चाचणी ओलाव्याची खेचसुद्धा ताकद म्हणून मोजते. सैल भराव भार तसाच असताना नुसता भिजला, तरी एकदम दबतो.

उपाय नवे नाहीत. भराव दीड-दोन मीटरचाच असेल, तर सर्वांत भरवशाचं म्हणजे फुटिंग त्यातून खाली नेऊन मूळच्या कडक मुरमावर टेकवणं. खणण्याचा आणि काँक्रीटचा खर्च वाढतो, पण अंदाजाला जागा राहत नाही. भराव जास्त खोल असेल आणि अजून टाकायचा असेल, तर वीतभर जाडीच्या थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबून घ्या आणि घनता मोजून मगच पुढचा थर टाका. आधीच टाकलेल्या जाड भरावावर वरून रोलर फिरवल्याने फक्त वरचा हातभर थर घट्ट होतो. त्याखाली सगळं होतं तसंच राहतं. काही जण सैल भराव दोन-तीन पावसाळे तसाच सोडून देतात. त्याने तो थोडा बसतो खरा, पण घट्ट मुरूम काही होत नाही.

भरावाच्या प्लॉटवर बांधणार असाल तर माती परीक्षणाचा अहवाल हातात आल्यावर सुरक्षित भाराचा आकडा पाहण्याआधी अभियंत्याला तीन प्रश्न विचारा. चाचणी भिजवून घेतली का, भरावातून आरपार मूळच्या मुरमापर्यंत खणून पाहिलं का आणि गणितात जनरल शिअर धरला आहे की लोकल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अहवालात लिहिलेलं नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय फुटिंगचा खड्डा भरू देऊ नका.